हात स्थिर, नजर गरगर

संध्याकाळी कोणी संगणकावर गेम खेळत बसलेलं असतं. पात्राच्या डोळ्यांनी दिसणाऱ्या जगातला गेम. माउस डावीकडे सरकवला की पात्र डावीकडे बघतं, उजवीकडे सरकवला की उजवीकडे. मध्येच निरोप आल्याची खूण होते. ऑल्ट-टॅब दाबून खेळणारा दुसऱ्या विंडोत जातो, दोन ओळींचं उत्तर लिहितो आणि पुन्हा ऑल्ट-टॅब दाबून गेममध्ये परततो. आणि समोरचं सगळं जग गरगर फिरायला लागतं. भिंत, दार, आकाश, पुन्हा भिंत, सगळ्याची एकच रेघ होते. माउसला हात लावलेला नसतो तरी फिरणं थांबत नाही. काही जणांना तर अर्ध्या मिनिटात मळमळू लागतं, कारण डोळे सांगतात की आपण फिरतोय आणि कान सांगतात की आपण खुर्चीत बसलोय.

अशा वेळी पहिला संशय माउसवर जातो. लोक तो उलटा करून खालचं भिंग पुसतात, टेबलावरचं पॅड बदलतात, शेवटी नवा माउस आणतात. नव्या माउसनेही तेच होतं. माउस बिचारा निर्दोष असतो. तो त्या क्षणी संगणकाला काहीच पाठवत नसतो. गेमच्या प्रोग्रॅममध्ये एक समजूत चुकीची राहून गेलेली असते, आणि ती नेमकी कुठे चुकते हे कळलं की हा प्रकार ओळखता येतो, तात्पुरता थांबवता येतो आणि आपण स्वतः गेम लिहीत असू तर कायमचा टाळता येतो.

माउसला स्वतःची जागा ठाऊक नसते, इथून सुरुवात करावी लागते. तो फक्त सांगतो की मागच्या वेळेपासून मी इतका आडवा सरकलो, इतका उभा सरकलो. साधा यूएसबी माउस हा निरोप सेकंदाला १२५ वेळा देऊ शकतो, खेळासाठी घेतलेला महागडा माउस हजार वेळा. या छोट्या छोट्या सरकण्यांची बेरीज ऑपरेटिंग सिस्टिम करते आणि त्या बेरजेतून स्क्रीनवरचा बाण, म्हणजे कर्सर, कुठे दाखवायचा ते ठरवते. कर्सरला हद्द असते. उजव्या कडेला पोहोचला की माउस कितीही उजवीकडे न्या, कर्सर तिथेच थबकतो. फाइल उघडायला किंवा बटण दाबायला हे योग्यच आहे. पण नजरेला अशी कड नसते. माणूस उजवीकडे वळत राहिला तर वळतच राहू शकतो, कितीही फेऱ्या मारू शकतो. गेमला हवं असतं ते सरकणं, आणि जुन्या पद्धतीने विचारलं तर सिस्टिम देते ती जागा. सगळी भानगड या दोहोंच्या मधल्या फटीत आहे.

ही फट बुजवायला गेम लिहिणाऱ्यांनी एक युक्ती काढली. १९९६ साली आलेल्या क्वेक या गेमच्या विंडोज आवृत्तीत ती स्वच्छ दिसते; आयडी सॉफ्टवेअरने १९९९च्या डिसेंबरात त्या गेमचा सोर्स कोड खुला केला, त्यामुळे आज कोणीही तो उघडून वाचू शकतं. `in_win.c` नावाच्या फाइलमध्ये `IN_MouseMove` हे फंक्शन आहे. ते प्रत्येक फ्रेमला, म्हणजे चित्र नव्याने काढायच्या प्रत्येक वेळी, कर्सर कुठे आहे ते विचारतं, त्यातून विंडोच्या मध्यबिंदूची जागा वजा करतं, आणि जो फरक येईल तितकी नजर वळवतं. मग लगेच कर्सरला उचलून पुन्हा मध्यावर ठेवतं. कर्सर लपवलेला असल्यामुळे खेळणाऱ्याला हा खेळ दिसत नाही. पुढच्या फ्रेमला कर्सर मध्यापासून जितका दूर गेला असेल, तितकाच हात हललेला असणार. कड कधी येतच नाही, कारण कर्सर कडेपर्यंत पोहोचायच्या आत परत आणलेला असतो.

या युक्तीचा प्राण तिच्या शेवटच्या पायरीत आहे. कर्सर मध्यावर परत आणणं राहिलं तर काय होईल? प्रवासी उतरल्यावर रिक्षाचा मीटर शून्यावर आणलाच नाही, तर पुढच्या प्रत्येक प्रवाशाकडून रिक्षा जागची न हलताही जुनंच भाडं वसूल होईल. इथे तसंच घडतं. मध्यापासूनचं तेच जुनं अंतर दर फ्रेमला नव्याने हललेला हात म्हणून मोजलं जातं, आणि नजर दर फ्रेमला तितकीच वळत राहते.

आता कर्सर परत आणणं का राहून जातं ते पाहू. गेम सुरू होताना तो कर्सरवर ताबा मिळवतो, त्याला कर्सर लॉक म्हणतात. विंडोजवर त्यात साधारण तीन गोष्टी येतात: बाण लपवणं, `ClipCursor` वापरून त्याला गेमच्या चौकटीत कोंडणं, आणि वर सांगितल्याप्रमाणे `SetCursorPos` वापरून त्याला मध्यावर ओढत राहणं. पण कर्सर गेमच्या मालकीचा नाही. संगणकावर चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांचा मिळून तो एकच बाण आहे. विंडोजच्या दस्तऐवजातही त्याला सामायिक साधन म्हटलं आहे आणि दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सूत्रं जाण्याआधी कर्सर मोकळा करायची जबाबदारी कोंडणाऱ्यावर टाकली आहे. वापरणारा दुसऱ्या विंडोकडे गेला की लॉक सुटलाच पाहिजे. माझ्या मते हा नियम अगदी बरोबर आहे. तो नसता तर अडकून पडलेल्या एका गेमने संपूर्ण संगणक ओलीस धरला असता आणि बंद करायचं बटणही हाती लागलं नसतं. म्हणजे लॉक सुटणं हा दोष नाही. परत आल्यावर तो पुन्हा मागितला जात नाही, हा दोष आहे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. शिकाऊ हाताने लिहिलेल्या अनेक गेममध्ये दर फ्रेमला चालणारा भाग जवळपास असा असतो:

```c
GetCursorPos(&p);
yaw   += (p.x - cx) * 0.022f;
pitch += (p.y - cy) * 0.022f;
if (locked) SetCursorPos(cx, cy);
```

इथे `cx` आणि `cy` म्हणजे मध्यबिंदू, `yaw` म्हणजे आडवी नजर आणि `pitch` म्हणजे वर-खालची नजर. ०.०२२ हा आकडा क्वेकमधलाच आहे. कर्सर एक घर सरकला की ०.०२२ अंश वळायचं असा त्याचा अर्थ, आणि खेळणाऱ्याने निवडलेल्या सेन्सिटिव्हिटीने त्याला पुढे गुणलं जातं. हिशेब सोपा राहावा म्हणून इथे ती १ धरली आहे. क्वेकनंतर त्याच घराण्यातल्या काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्येही हाच आकडा टिकून राहिला. आणि विंडोवरचं लक्ष दुसरीकडे गेलं, की विंडोजकडून येणाऱ्या निरोपाला उत्तर देणारा भाग असा:

```c
case WM_KILLFOCUS:
    locked = 0;
    ClipCursor(NULL);
    break;
```

हा दुसरा तुकडा स्वतःपुरता अगदी सभ्य आहे. गेम सोडून जाताना तो कर्सर मोकळा करतो. गडबड अशी की परत आल्यावर येणाऱ्या `WM_SETFOCUS` या निरोपाला उत्तर देणारं कोणी नाही. `locked` एकदा शून्य झाला की शून्यच राहतो. पहिल्या तुकड्यात मध्यावर आणण्याच्या ओळीला `locked`ची अट आहे, पण नजर वळवण्याच्या दोन ओळींना ती नाही. म्हणजे भाडं आकारणं चालू, मीटर शून्यावर आणणं बंद.

समजा स्क्रीन १९२० बाय १०८० ची आहे. मध्यबिंदू ९६०, ५४०. निरोपाची विंडो उजवीकडे वरच्या बाजूला होती, म्हणून परत येताना कर्सर १७००, २०० या जागी राहिला. आडवं अंतर ७४०, उभं अंतर वरच्या दिशेला ३४०. दर फ्रेमला नजर ७४० गुणिले ०.०२२, म्हणजे १६.२८ अंश उजवीकडे वळते. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ९७७ अंश, म्हणजे एका सेकंदात पावणेतीन फेऱ्यांच्या आसपास. 

उभ्या दिशेचं गणित वेगळं निघतं, आणि त्यातच एक खूण लपलेली आहे. दर फ्रेमला नजर ७.४८ अंश वर जाते, पण वर बघायला मर्यादा असते. क्वेकमध्ये ती वर ७० आणि खाली ८० अंश ठेवलेली आहे. दहाव्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात, नजर ७० अंशांवर जाऊन अडकते. म्हणून या दोषात दृश्य नुसतं फिरत नाही, ते छताकडे किंवा जमिनीकडे टक लावून फिरतं. कर्सर वर राहिला असेल तर छत, खाली टास्कबारजवळ राहिला असेल तर जमीन. टास्कबारवर क्लिक करून गेममध्ये परत येणाऱ्यांना हमखास जमीनच दिसते.

आणखी एक गोष्ट याच गणितातून निघते. सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या संगणकावर हीच चूक २,३४४ अंशांचा, म्हणजे साडेसहा फेऱ्यांचा वेग देते. संगणक जितका चांगला तितकं फिरणं जास्त. एखाद्या मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर दृश्य सावकाश फिरतं आणि आपल्या नव्या यंत्रावर त्याची रेघ होते, यामागे एवढंच कारण असतं.

या सगळ्यातून एक फार उपयोगी निरीक्षण हाती लागतं. लॉक सुटलेल्या अवस्थेत माउसचा स्वभावच बदलतो. एरवी हात हलवला तर नजर वळते, हात थांबला की नजर थांबते. आता मात्र हाताची जागा नजरेचा वेग ठरवते. कर्सर मध्यापासून जितका दूर, तितकं फिरणं जोरात. मध्याच्या डावीकडे नेला तर दिशा उलटते. थोडक्यात, माउसची जॉयस्टिक झालेली असते. त्यामुळे दृश्य गरगर फिरत असताना माउस फिरण्याच्या उलट दिशेला हळूहळू सरकवून पाहा. वेग क्रमाने कमी होत गेला आणि एका जागी दृश्य थांबलं, तर लपलेला किंवा दिसणारा कर्सर स्क्रीनच्या मध्यावर आलेला आहे आणि निदान पक्कं झालं. माउसची तार काढूनही दृश्य फिरतच राहिलं, तरी तेच सिद्ध होतं, कारण गेम हाताचं हलणं वाचत नसून एका थबकलेल्या जागेचं अंतर वाचतो आहे. ही परीक्षा करण्याआधी गेमपॅड जोडलेलं असेल तर ते काढून ठेवावं. झिजलेली काडी मध्यावर परत येत नाही आणि तीही दृश्य फिरवते. पण ती विंडो बदलण्याची वाट बघत नाही.

हा दोष इतक्या वेळा का राहून जातो, याचं उत्तर मला कोड लिहिण्याच्या क्रमात दिसतं. लॉक करण्याची ओळ पहिल्याच दिवशी लिहिली जाते, आणि ती जिथून गेम सुरू होतो तिथे ठेवली जाते, कारण तिथे ती काम करते. काही दिवसांनी कोणी तरी तक्रार करतं की गेममधून बाहेरच पडता येत नाही, कर्सर कोंडलेला राहतो. मग सोडण्याची ओळ लिहिली जाते आणि लगेच तपासली जाते: ऑल्ट-टॅब दाबलं, बाण मोकळा झाला, काम झालं. तपासणी तिथेच संपते, कारण तक्रार बाहेर पडण्याची होती. परत येण्याची तक्रार अजून कोणी केलेली नसते. लिहिणारा स्वतः दिवसभर विंडो बदलत असतो, पण चालू गेम बंद करून, कोड सुधारून, गेम नव्याने सुरू करून. आणि नव्याने सुरू केलेल्या गेममध्ये सुरुवातीची लॉक करणारी ओळ दर वेळी चालते. त्यामुळे ज्याने हा दोष निर्माण केला त्यालाच तो दिसत नाही.

दुरुस्तीचा पहिला भाग नजर वळवणाऱ्या तुकड्यात आहे. त्याच्या अगदी वर एक अट हवी: लॉक नसेल तर काहीही न करता परत फिरायचं. क्वेकमध्ये ही अट होती. `IN_MouseMove` पहिल्याच ओळींत माउस चालू स्थितीत आहे का ते बघतं. एवढ्याने लॉक परत मिळणार नाही, पण गरगरणं बंद होईल. फार तर नजर वळणार नाही, आणि खेळणारा निदान मेन्यूपर्यंत पोहोचू शकेल. दोन दोषांपैकी सौम्य दोष निवडायचा झाला तर तो हा.

दुसरा भाग परत येण्याचा:

```c
case WM_SETFOCUS:
    update_center();
    SetCursorPos(cx, cy);
    ClipCursor(&rect);
    locked = 1;
    break;
```

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी कर्सर मध्यावर, मग `locked` एक. उलट केलं आणि मध्ये एक फ्रेम निसटली तर जुनं ७४० घरांचं अंतर एकदा तरी मोजलं जातं आणि परतताच नजर झटक्याने दुसरीकडे वळते. गरगरणं नाही, पण एक मोठी उसळी. ज्या गेममध्ये फक्त परतण्याच्या क्षणी नजर एकदाच भलतीकडे फेकली जाते, तिथे बहुधा हाच क्रम चुकलेला असतो, किंवा माउसच्या सरकण्याला फ्रेमच्या कालावधीने गुणलेलं असतं. गेम मागे पडलेला असताना मधली फ्रेम कित्येक सेकंद लांबते, आणि त्या लांबीने गुणलेलं छोटं सरकणंही प्रचंड होतं. माउसचं सरकणं हे आधीच त्या काळात झालेलं एकूण सरकणं असतं. त्याला पुन्हा काळाने गुणायचं कारणच नाही.

`update_center` का हवं, तेही सांगण्यासारखं आहे. विंडोजवर मिनिमाइझ केलेली विंडो खरं तर कुठे नाहीशी होत नाही. सिस्टिम तिला उणे ३२,००० या जागी नेऊन ठेवते, स्क्रीनच्या खूप बाहेर. गेमने मध्यबिंदू नेमका त्या वेळी मोजला, तर तो उणे ३१,९००च्या आसपास कुठे तरी येतो. कर्सर तिथे जाऊच शकत नाही. तो स्क्रीनच्या कोपऱ्यात थांबतो आणि अंतर ३१,९०० राहतं. ०.०२२ने गुणलं तर दर फ्रेमला सुमारे ७०० अंश, म्हणजे प्रत्येक चित्रामागे जवळपास दोन फेऱ्या. असं दृश्य फिरल्यासारखं दिसतच नाही, नुसतं लुकलुकतं. म्हणून विंडो परत पूर्ण उघडली आहे याची खात्री झाल्यावरच मध्यबिंदू मोजायचा. क्वेकचं `AppActivate` हे फंक्शन विंडो पुढे आली का एवढंच विचारत नाही, ती मिनिमाइझ आहे का हेही वेगळं विचारतं.

काही जण दुरुस्ती म्हणून उलट टोकाला जातात. अट काढून टाकतात आणि कर्सरला दर फ्रेमला, बिनशर्त, मध्यावर ओढतात. हे मला मूळ दोषापेक्षा वाईट वाटतं. खेळणारा दुसऱ्या विंडोत पत्र लिहीत असतो आणि मागे चाललेला गेम सेकंदाला ६० वेळा त्याचा बाण स्क्रीनच्या मध्यावर खेचत असतो. त्याला कुठल्याही बटणापर्यंत पोहोचता येत नाही. आणि तरीही गरगरणं पूर्ण जात नाही. विंडोजमध्ये परवानगी विचारणारा काळवंडलेला पडदा येतो, किंवा स्क्रीन लॉक होते, तेव्हा तो वेगळा डेस्कटॉप असतो. त्या वेळी `SetCursorPos` अपयशी ठरतं आणि तसं परत कळवतंही. पण ते उत्तर वाचायची तसदी फार थोडे प्रोग्रॅम घेतात.

परत लॉक करताना एक अडचण विंडोत चालणाऱ्या गेमची आहे. खेळणारा कधी कधी गेमच्या वरच्या पट्टीला धरून विंडो सरकवायला येतो. लक्ष गेमकडे आलं म्हणून लगेच कर्सर मध्यावर ओढला तर पट्टी हातातून सुटते किंवा विंडो उडी मारते. म्हणून शहाणे गेम लक्ष परत आल्यावर थांबतात आणि गेमच्या चित्राच्या आत क्लिक झाल्यावरच लॉक घेतात. तो पहिला क्लिक गोळी झाडण्यासाठी मोजायचा नाही, एवढं भान मात्र हवं. त्याच सुमारास कीबोर्डचीही साफसफाई करावी. ऑल्ट-टॅब दाबताना पुढे चालण्याची कळ दाबलेली असेल, तर ती सोडल्याचा निरोप दुसऱ्या विंडोला जातो. गेमच्या हिशेबी ती अजून दाबलेलीच. फिरणारं दृश्य आणि आपोआप चालत सुटलेलं पात्र अनेकदा एकत्र दिसतात ते यामुळे.

विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, ही मध्यबिंदूची कसरत टाळण्याचा मार्ग उपलब्ध आहे. त्याला रॉ इनपुट म्हणतात. त्यात गेम कर्सरची जागा विचारत नाही, माउसने पाठवलेलं सरकणंच थेट घेतो. मध्यबिंदू नाही, वजाबाकी नाही, त्यामुळे हात स्थिर असताना फिरणंही नाही. लॉक सुटण्याचा प्रश्न मात्र उरतो, फक्त त्याचं तोंड बदलतं. लपलेला कर्सर मोकळाच भटकत राहतो, शेजारच्या दुसऱ्या मॉनिटरवर जातो, आणि ऐन लढाईत केलेला क्लिक तिथल्या विंडोवर पडून गेमच मागे जातो.

रॉ इनपुटमध्ये एक वेगळा सापळाही आहे. दुसऱ्या संगणकावर दुरून बसून काम करताना, किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये, माउसच्या निरोपात सरकण्याऐवजी शून्य ते ६५,५३५ या मापातली जागा येऊ शकते, आणि सोबत ती जागा आहे असं सांगणारी `MOUSE_MOVE_ABSOLUTE` ही खूण असते. खूण न बघता तो आकडा सरकणं म्हणून घेतला तर स्क्रीनच्या मध्यावरचा एक स्पर्शही दोन पूर्ण फेऱ्या घडवतो. दिसायला तोच गोंधळ, पण ओळखायला सोपा: हा फक्त माउस हलला तरच होतो, आणि विंडो बदलली नसली तरी होतो.

ब्राउझरमध्ये खेळल्या जाणाऱ्या गेमचा नियम आणखी कडक आहे, आणि तो खेळणाऱ्याच्या बाजूचा आहे. तिथे `requestPointerLock()` म्हणून लॉक मागावा लागतो, एस्केप दाबला किंवा टॅब बदलला की ब्राउझर तो काढून घेतो. खेळणाऱ्याने स्वतः एस्केप दाबून सोडलेला लॉक त्याच्या नव्या क्लिकशिवाय परत मिळत नाही. गेमला आपोआप काही करता येत नाही, म्हणून खेळायला क्लिक करा असा पडदा दाखवणं हाच प्रामाणिक मार्ग. लॉक खरंच आहे का हे `document.pointerLockElement` विचारून कळतं. आपल्याच एखाद्या व्हेरिएबलवर विश्वास ठेवणारे गेम तिथेही फसतात. लिनक्सवरच्या वेलँड या नव्या व्यवस्थेने तर ही निवड नियमातच लिहून ठेवली आहे. लॉक मागतानाच सांगायचं की तो `oneshot` हवा की `persistent`. पहिल्या प्रकारचा लॉक एकदा सुटला की संपला, दुसऱ्या प्रकारचा विंडोकडे लक्ष परत आल्यावर पुन्हा लागू होऊ शकतो. पहिला मागून दुसऱ्याची अपेक्षा ठेवली तर लॉक परत येणार नाही, आणि त्याबद्दल कोणी चूकही दाखवणार नाही.

खेळणाऱ्याच्या हातात तेवढ्यापुरते काही उपाय असतात. दृश्य फिरायला लागलं की आधी एस्केप दाबून मेन्यू उघडावा आणि पुन्हा गेममध्ये यावं; पुष्कळ गेम मेन्यू बंद होताना लॉक नव्याने घेतात, कारण तो रस्ता लिहिणाऱ्याने तपासलेला असतो. त्याने भागलं नाही तर गेमच्या चित्रावर, मध्याजवळ, एकदा क्लिक करून बघावं. सेटिंगमध्ये रॉ इनपुट असा पर्याय दिसला तर तो सुरू करावा. विंडो बदलण्याआधी गेम थांबवून मेन्यूत जाण्याची सवयही उपयोगी पडते, कारण मेन्यू उघडा असताना बहुतेक गेम कर्सर स्वतःहून सोडून देतात आणि परतताना स्वतःहून घेतात.

आणि गेम लिहिणाऱ्याला कळवायचं असेल तर विंडो बदलल्यावर कॅमेरा फिरतो एवढं लिहून त्याला फारसं काही सापडणार नाही, कारण त्याच्या यंत्रावर तो फिरत नसेल. माउसची तार काढल्यावरही दृश्य फिरत होतं का, कर्सर मध्यावर आणल्यावर थांबलं का, नजर छताला चिकटली होती की जमिनीला, परत येताना ऑल्ट-टॅब वापरलं की टास्कबारवर क्लिक केला, विंडो मिनिमाइझ झाली होती का, आणि दुसरा मॉनिटर जोडलेला होता का, एवढं लिहावं. यातल्या प्रत्येक उत्तरामागे वर सांगितलेली एकेक ओळ आहे, आणि ती वाचून लिहिणारा थेट त्या ओळीपाशी पोहोचू शकतो.